कोयासानचा रस्ता आणि आठ ओळींचा कागद

जपानमध्ये कोयासान नावाचा एक डोंगर आहे. इ.स. ८१६ पासून तिथे बौद्ध मठांची वस्ती आहे. त्या वस्तीतल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. त्या वेळी वर्तमानपत्रातला फोटो आम्ही कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कपाट उघडले की फोटो दिसायचा आणि आम्ही म्हणायचो, एकदा जाऊन यायचे. म्हणता म्हणता नऊ वर्षे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघे जाऊन आलो.

आमच्यापैकी एकजण बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर, दुसरी अंगणवाडीत मदतनीस. पासपोर्ट पहिलाच, विमानही पहिलेच. घरी परतल्यावर शेजारपाजारचे लोक विचारतात, डोंगर कसा होता, जेवण कसे होते. तेही सांगू. पण परवा विहारात आमच्यासारख्याच एका जोडप्याने विचारले, “व्हिसाच्या कागदात रोजचा कार्यक्रम लिहायचा असतो म्हणे. आम्ही तर काहीच ठरवले नाही. काय लिहायचे?” आम्हीही तिथेच अडलो होतो. म्हणून आधी त्या कागदाबद्दल लिहितो आणि त्याच्याच वाटेने कोयासानला जातो.

पहिला कागद

जपानच्या पर्यटक व्हिसासाठी अर्ज, पासपोर्ट, बँकेचा उतारा यांच्यासोबत ‘शेड्यूल ऑफ स्टे’ नावाचा एक तक्ता द्यावा लागतो. त्यात चार रकाने असतात : तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्काचा फोन आणि रात्री कुठे राहणार. जपानमध्ये उतरल्यापासून निघेपर्यंत प्रत्येक तारखेची एक ओळ. एवढाच तो कागद.

आमच्या पुतण्याला संगणकाची चांगली सवय आहे. तो म्हणाला, “काका, काकी, तुम्ही काळजी करू नका. मी करून देतो.” दुसऱ्या दिवशी त्याने चार पानांचा कार्यक्रम आणला. टोकियो, कामाकुरा, फुजी पर्वत, कोयासान, हिरोशिमा, क्योतो, नारा, ओसाका. दहा दिवसांत आठ ठिकाणे. सकाळी सात वाजता नाश्ता, आठ वाजता हे मंदिर, नऊ चाळीसला ते मंदिर. वाचून आम्हालाच दम लागला. पण छापील कागद, सुबक चौकटी. वाटले, असेच लागत असेल.

तो कागद आम्ही घरात चार दिवस ठेवला आणि रोज रात्री जेवण झाल्यावर एकेक दिवस वाचून पाहिला. वाचताना त्यातल्या एका दिवसावर बोट अडकले. सकाळी टोकियोहून निघायचे, कोयासान पाहायचे आणि रात्री मुक्कामाला हिरोशिमा. आम्ही पुतण्याला म्हटले, गाड्यांचा वेळ काढ. त्याने काढला. टोकियो ते शिन-ओसाका बुलेट ट्रेनने अडीच तास. तिथून शहरातली गाडी बदलून नांबा स्टेशन. नांबाहून डोंगराच्या पायथ्याला दीड तासाच्या आसपास, मग दोरावर ओढली जाणारी केबल कार, मग बस. म्हणजे जायलाच पाच तासांहून जास्त. परत ओसाका दोन तास आणि पुढे हिरोशिमा दीड तास. गाड्या बदलण्याचा वेळ धरला तर दिवसातले नऊ-दहा तास डब्यात. ज्या डोंगरासाठी एवढी धडपड, त्याच्या वाट्याला दोन-अडीच तास.

हे आम्हाला चार दिवसांनी दिसले. रोज असे कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते लगेच दिसणार. मग त्याच्या मनात प्रश्न येणार, ही माणसे खरोखर फिरायला चालली आहेत, की कुणाकडून कागद लिहून घेऊन दुसऱ्याच कामाला?

आणखी तीन चुका सापडल्या. पहिली तारखेची. विमान मुंबईहून शनिवारी, ९ तारखेला रात्री उशिरा निघणार, वाटेत बँकॉकला बदलणार आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर रविवारी, १० तारखेला संध्याकाळी पोचणार. पुतण्याने जपानमधला पहिला मुक्काम ९ तारखेचा धरला होता. त्या रात्री आम्ही आकाशात असणार होतो. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, हेही त्याने धरले नव्हते. दुसरी चूक रजेची. वर्कशॉपमधून रजा मिळत होती १८ तारखेपर्यंत आणि कार्यक्रमात परतीचे विमान होते २० तारखेला. रजेचे पत्र आणि तक्ता एकाच लिफाफ्यात जाणार आणि दोन्हींत वेगवेगळी गोष्ट. तिसरी चूक लहान, पण बोलकी. सोमवारी क्योतोचे राष्ट्रीय संग्रहालय पाहायचे लिहिले होते. ते साधारणपणे सोमवारी बंद असते.

पुतण्याला विचारले, हे आणलेस कुठून? तो हसला. एका टूर कंपनीच्या सहलीचा कार्यक्रम घेऊन त्याने त्यात कोयासान घुसडले होते. त्या सहलीत बस कंपनीची, जेवण कंपनीचे, खोल्या कंपनीच्या. आमच्याकडे त्यातले काहीच नव्हते.

कागद काय विचारतो

मग आम्ही शांतपणे विचार केला की हा तक्ता मागतात कशासाठी. अधिकाऱ्याला आम्ही कोणते मंदिर किती वाजता पाहणार, याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात. प्रत्येक रात्री डोक्यावर छप्पर आहे का? एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला वाट आणि वेळ आहे का? आणि हा सगळा खर्च या माणसांच्या पगाराला आणि रजेला झेपणारा आहे का? या तिन्हींची उत्तरे बाकीच्या कागदांशी जुळली की तक्त्याचे काम झाले. बाकी सारे मोकळे सोडले तरी चालते.

इथे चूक झाली तर ती महागात पडते. जपानचा व्हिसा नाकारला गेला, तर साधारणपणे त्याच कारणासाठी सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत, आणि नेमके का नाकारले तेही उलगडून सांगत नाहीत. मंजूर झालेली रजा वाया जाते आणि पुढच्या वर्षी ती मिळेलच असे नाही.

म्हणून आम्ही नवा कागद उलट्या बाजूने लिहायला घेतला. आधी ठिकाणे नाहीत, आधी रात्री. १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी उतरणार, १७ तारखेला दुपारी निघणार. म्हणजे रात्री सात. कोयासानला एक रात्र हवीच, कारण तिथे मठातच राहता येते आणि संध्याकाळचे जेवण लवकर असल्यामुळे पाहुण्याने पाचच्या आत पोचायचे असते. उरल्या सहा. टोकियो, कामाकुरा, फुजी आणि हिरोशिमा यांवर आम्ही काट मारली. जिवावर आले, पण मारली. तीन रात्री ओसाका, एक कोयासान, तीन क्योतो. बिछाना फक्त दोनदा बदलायचा.

ओसाकातही कुठे राहायचे, याला कारण होते. नांबा भागातून विमानतळाची गाडी मिळते, नाराची गाडी मिळते आणि कोयासानचीही. एका खोलीवरून तिन्ही रस्ते. नकाशावर बोट ठेवून पाहिले, तर आमचा तक्ता तिथेच अर्धा लिहून झाला होता.

आठ ओळी

अर्जात हे इंग्रजीत लिहावे लागते. आम्ही वहीत आधी मराठीत लिहिले, ते असे.

१० नोव्हेंबर, रविवार : बँकॉकमार्गे कान्साई विमानतळावर आगमन, विमानाचा क्रमांक. रेल्वेने नांबा. मुक्काम ओसाका.

११ नोव्हेंबर, सोमवार : ओसाका शहर, शितेन्नोजी मंदिर आणि किल्ला. मुक्काम ओसाका.

१२ नोव्हेंबर, मंगळवार : रेल्वेने नारा, तोदाइजी मंदिर. संध्याकाळी परत. मुक्काम ओसाका.

१३ नोव्हेंबर, बुधवार : रेल्वे व केबल कारने कोयासान. विद्यापीठ परिसर आणि मंदिरे. मुक्काम कोयासान, मठातील निवास.

१४ नोव्हेंबर, गुरुवार : सकाळी ओकुनोइन. दुपारी ओसाकामार्गे क्योतो. मुक्काम क्योतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार : क्योतो, सान्जूसान्गेंदो आणि कियोमिझु मंदिर. मुक्काम क्योतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार : सकाळी तोजी मंदिर. दुपारनंतर मुक्कामाच्या परिसरात फेरफटका व खरेदी. मुक्काम क्योतो.

१७ नोव्हेंबर, रविवार : सकाळी रेल्वेने कान्साई विमानतळ. दुपारी प्रयाण, विमानाचा क्रमांक.

प्रत्येक मुक्कामापुढे जागेचे नाव, पत्ता आणि फोन. ज्या दिवशी राहण्याची जागा तीच, तिथे ‘वरीलप्रमाणे’. एवढेच. कुठेही घड्याळाचे काटे नाहीत, जेवणाच्या जागा नाहीत. एका दिवसाला एक मोठे काम, फार तर दोन, आणि तीही एकाच दिशेची. गाव बदलण्याच्या दिवशी अर्धा दिवस प्रवासाला सोडलेला. कोयासानहून क्योतोला जायला गाड्या बदलत तीन तासांच्या वर लागतात, म्हणून १४ तारखेच्या दुपारी दुसरे काही लिहिले नाही. मोकळी दुपार आम्ही एकच ठेवली आणि ती शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, जिथे कुणीही दमलेला माणूस ठेवेल. सलग तीन दिवस नुसते ‘साइट सीइंग’ लिहिले असते, तर आम्हालाच काही माहीत नाही असे दिसले असते. आणि तासातासाचे लिहिले असते, तर उसने आणलेले दिसले असते.

पुतण्याने विचारले, “काकी, यात काहीच भरगच्च नाही. चालेल का?” त्याला म्हटले, “बाळा, गावाला लग्नाला जाताना आपण घरात काय सांगून निघतो? अमुक गाडीने जातो, अमक्याकडे उतरतो, अमुक दिवशी येतो. वाटेत चहा कुठे घेणार ते सांगतो का?”

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिकडे कुणी नातेवाईक किंवा ओळखीचे असतील आणि त्यांच्या घरी राहणार असाल, तर ते लपवून हॉटेलचे नाव लिहू नये. बोलावणाऱ्याच्या भरवशावर जाणाऱ्यांसाठी निमंत्रणपत्र वगैरे वेगळे कागद असतात, ते द्यावेत. आमचे तिकडे कुणी नव्हते, म्हणून आमचा मार्ग सरळ होता.

काय ठरवले, काय सोडले

आता पैशाचा प्रश्न. व्हिसा हातात नसताना किती पैसे अडकवायचे? इथे माणसे दोन टोकांना जातात. काही जण सगळे आगाऊ भरून मोकळे होतात : विमान, खोल्या, रेल्वेचे पास, मंदिरांची तिकिटे. व्हिसा आला नाही की सगळे पाण्यात. दुसरे काहीच करत नाहीत आणि कुठले तरी हॉटेल मनाने लिहून देतात. त्या हॉटेलात एक फोन केला की खोटे उघडे पडते.

आम्ही मधली वाट घेतली. ओसाका आणि क्योतोच्या खोल्या अशा राखल्या, की पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे आणि ठरलेल्या तारखेआधी कळवले तर फुकट रद्द. ती तारीख आम्ही वहीत लाल शाईने लिहून ठेवली, कारण ती विसरली की फुकटचे फुकट राहत नाही. कोयासानच्या मठात खोल्या मोजक्या असतात आणि नोव्हेंबर म्हणजे पाने लाल होण्याचा हंगाम. तिथली रद्द करण्याची अट वाचूनच जागा धरली. राखलेल्या खोल्या आमच्याच नावाने, पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने आणि तक्त्यातल्याच तारखांना आहेत ना, हे तीनदा ताडून पाहिले.

विमानाचे आम्ही फक्त आरक्षण दाखवले, तिकीट व्हिसा आल्यावर काढले. यात एका एजंटाने आम्हाला घोळात घेतले होते. तो म्हणाला, “थोडे पैसे द्या, तिकिटासारखा कागद बनवून देतो.” आरक्षण वेगळे आणि बनवलेला कागद वेगळा. आरक्षणाला क्रमांक असतो आणि तो विमान कंपनीच्या यादीत सापडतो. बनवलेल्या कागदावरचा क्रमांक तिथे सापडत नाही. आम्ही त्याला नमस्कार केला आणि दुसऱ्या ठिकाणाहून काही दिवस धरून ठेवता येणारे खरे आरक्षण घेतले. ते घेतल्यावर विमान कंपनीच्या जागेवर क्रमांक टाकून आमची नावे येतात की नाही, तेही पाहिले.

रेल्वेचे काहीच काढले नाही. पुतण्याच्या पहिल्या कार्यक्रमात सात दिवसांचा जपान रेल पास होता. त्याची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढून माणशी ५०,००० येन झाली. हिशेबाला आम्ही एक येन साठ पैशांचा धरला, थोडा जास्तच. दोघांचे साठ हजार रुपये नुसत्या पासात गेले असते. आमच्या नव्या वाटेवर तो पास लागतच नव्हता, कारण नाराची आणि कोयासानची आम्हाला सोयीची गाडी दुसऱ्याच कंपन्यांची. तिथे जाऊन साधे तिकीट काढायचे.

मग वहीत खर्च मांडला. ओसाकाच्या खोलीचे रात्रीला ९,००० येनप्रमाणे २७,०००. क्योतोचे १०,००० प्रमाणे ३०,०००. कोयासानच्या मठात दोन वेळच्या जेवणासह माणशी १३,००० धरून २६,०००. खाण्यापिण्याला दोघांत रोज ६,००० प्रमाणे आठ दिवसांचे ४८,०००. गाड्या, बस आणि मंदिरांच्या प्रवेशाला ३०,०००. एकूण १,६१,००० येन, म्हणजे साधारण ९७,००० रुपये. विमानाचे दोघांचे १,१०,०००. सगळे मिळून २,०७,०००. आमच्या खात्यात साडेतीन वर्षांत साचलेले ३,४०,००० होते. खर्च काढूनही काही उरत होते. पहिल्या कार्यक्रमाचा असाच हिशेब केला, तेव्हा तो खात्यातल्या रकमेच्या पलीकडे जात होता. म्हणजे तो कार्यक्रम गाड्यांच्या वेळात बसत नव्हता, तसा आमच्या पगारातही बसत नव्हता.

त्या वेळी कुणीतरी सुचवले की पतपेढीतून दोन लाख उचला, महिनाभर खात्यात ठेवा, मग परत करा. आम्ही ते केले नाही. बँकेच्या उताऱ्यात अर्जाच्या तोंडावर एकाएकी आलेली मोठी रक्कम ठळक दिसते. ती कुठून आली, याचा कागद आपल्याकडे नसतो. पैसे कमी असतील तर रक्कम फुगवण्यापेक्षा दोन रात्री कमी कराव्यात.

अर्ज कधी करावा, हेही तारखांवरून ठरते. एकदाच जाण्याचा साधा व्हिसा दिल्यापासून तीन महिने चालतो, तेवढ्यात जपानमध्ये शिरायचे असते. आम्ही हौसेने जुलैत अर्ज केला असता, तर नोव्हेंबर येईपर्यंत तो संपला असता. सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज केला. कागदांची यादी बदलत असते, म्हणून देण्याआधी व्हिसा केंद्रावरची चालू यादी पुन्हा वाचली. व्हिसा आला, तेव्हा कपाटाच्या दारावरच्या फोटोसमोर दोघेही थोडा वेळ नुसते उभे राहिलो.

कागद आणि रस्ता

कान्साई विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. व्हिसा असला तरी आत सोडायचे की नाही, हे तिथला अधिकारी ठरवतो. पहिल्या मुक्कामाचा पत्ता कार्डावर लिहावा लागतो. आमच्याजवळ तक्त्याची प्रत होती, तीच पाहून लिहिला. अधिकाऱ्याने विचारले, किती दिवस? आम्ही बोटांनी आठ दाखवले. झाले.

पुढे कार्यक्रम जसाच्या तसा चालला का? नाही. सोमवारी प्रवासाच्या शिणाने उठायलाच उशीर झाला. शितेन्नोजी पाहिले आणि किल्ला सोडून दिला. शितेन्नोजीची स्थापना इ.स. ५९३ ची, राजपुत्र शोतोकूने केलेली, तिथेच दुपार झाली. मंगळवारी नाराला तोदाइजीतली पंधरा मीटर उंच बुद्धमूर्ती पाहिली. मान वर करून तिच्या तळहाताकडे पाहत आम्ही बराच वेळ उभे होतो. बाहेर हरणे पिशवीत तोंड घालत होती. शुक्रवारी क्योतोला एकीचा गुडघा सुजला, म्हणून पायऱ्यांचे कियोमिझु शनिवारच्या मोकळ्या दुपारी ढकलले आणि त्या दिवशी फक्त सान्जूसान्गेंदो पाहिले. एकाच लांबलचक दालनात कान्नोनच्या एक हजार एक मूर्ती, तिथे पायऱ्या चढायच्या नव्हत्या. या बदलांना कुणाला विचारावे लागले नाही. रात्री राहायच्या जागा आणि जाण्यायेण्याचे दिवस मात्र आम्ही हलवले नाहीत. मोकळी दुपार ठेवली नसती, तर गुडघ्याने सगळाच कार्यक्रम कोलमडला असता.

आणि बुधवार. नांबाहून गाडी निघाली तेव्हा बाहेर घरे होती, मग शेते, मग बोगदे. शेवटच्या स्टेशनवर उतरून केबल कारमध्ये बसलो. ती पाच मिनिटांत डोंगर चढते, इतक्या चढाने की डब्यातही पायऱ्या आहेत. वर बसने गावात आलो. हवा आपल्या महाबळेश्वरपेक्षा बोचरी. सामान मठात ठेवले आणि विचारत विचारत विद्यापीठ गाठले.

बाबासाहेब तिथे उभे आहेत. आम्ही मुंबईहून नेलेली मेणबत्ती वाऱ्याने तीनदा विझली. मग नुसतेच हात जोडले, त्रिसरण-पंचशील म्हटले. एक विद्यार्थी सायकलवरून जाताना थांबला, वाकला आणि पुढे गेला. पुतळ्यासमोर आम्ही किती वेळ होतो ते कळले नाही. घाई नव्हती. पुढची गाडी पकडायची नव्हती, रात्र तिथेच होती. पहिल्या कागदाप्रमाणे गेलो असतो, तर या वेळी हिरोशिमाच्या गाडीसाठी धावत असतो.

संध्याकाळी मठात भाज्यांचे आणि टोफूचे साधे जेवण मिळाले. सकाळी प्रार्थना ऐकून ओकुनोइनकडे निघालो. जवळपास दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना उंच देवदार आणि शेवाळलेल्या दोन लाखांहून जास्त समाध्या. राजांच्या, सरदारांच्या आणि साध्या माणसांच्याही. गुडघा त्या दिवशी अजून ठीक होता.

विहारात विचारणाऱ्या त्या जोडप्याला आम्ही आमची वही दिली आहे. त्यांना व्हिएतनामला की जपानला, हे अजून ठरवायचे आहे. वहीच्या पहिल्या पानावर पुतण्याचा जुना कार्यक्रम चिकटवलेला आहे आणि त्या बुधवारच्या भोवती लाल शाईचा गोल आहे. तो त्यांनी आधी वाचावा, असे सांगितले आहे.